अंश-छेद डिफरन्शिएट केले, पण तसं करायची परवानगी होती का?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे. समीकरणं ऐकून डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं, म्हणून ती इथे नीट लिहून दिली आहेत.)

आजचा विषय नौपाड्यातून आलेल्या एका वहीच्या पानाचा आहे. मुलगी अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. तिने एक लिमिट दोन पद्धतींनी सोडवलं आणि दोन वेगळी उत्तरं आली. खाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, "दोन्हीत चूक सापडत नाही. मग बरोबर कोणतं?" प्रश्न फार चांगला आहे, कारण चूक बेरीज-वजाबाकीत नव्हतीच. प्रत्येक ओळ वेगळी तपासली तर प्रत्येक ओळ बरोबर दिसते. चूक होती ती एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाण्याच्या हक्कात.

गणित असं होतं. x जेव्हा 2 कडे जातो तेव्हा या गुणोत्तराचं काय होतं?

(x³ − 2x² + x − 2) / (x² − 5x + 6)

x = 2 ठेवून बघा. वर 8 − 8 + 2 − 2, म्हणजे 0. खाली 4 − 10 + 6, म्हणजे तेही 0. शून्य भागिले शून्य. याला अनिर्धार्य रूप म्हणतात. म्हणजे एवढ्या माहितीवरून उत्तर ठरत नाही, अजून खोलात जावं लागतं. उत्तर "नाही" असा त्याचा अर्थ नाही.

पहिली पद्धत पुस्तकातली, अवयव पाडायची. वर (x − 2)(x² + 1), खाली (x − 2)(x − 3). x हा 2 च्या जवळ आहे पण 2 नाही, म्हणून (x − 2) काटता येतो. उरलं (x² + 1)/(x − 3). त्यात 2 ठेवले की 5 भागिले −1, म्हणजे −5.

दुसरी पद्धत क्लासमधली. अंश वेगळा डिफरन्शिएट करा, छेद वेगळा डिफरन्शिएट करा, आणि मग x ची किंमत ठेवा. इथे भागाकाराचा नियम लावायचा नाही, वरचं वर आणि खालचं खाली. पहिल्यांदा केलं तर (3x² − 4x + 1)/(2x − 5) मिळतं. तिने यावर थांबून किंमत ठेवली नाही. मैत्रिणीने सांगितलं होतं की x पूर्ण जाईपर्यंत करत राहायचं. म्हणून तिने आणखी एकदा केलं. (6x − 4)/2, आणि 2 ठेवून उत्तर 4.

एकीकडे −5, एकीकडे 4. चिन्हसुद्धा जुळत नाही.

कोणतं बरोबर हे ठरवायला सिद्धांत लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. x = 2.01 ठेवा, मूळ गुणोत्तर साधारण −5.09 येतं. x = 1.99 ठेवा, −4.91 येतं. दोन्ही बाजूंनी आकडा −5 ला मिठी मारतोय. म्हणजे 4 चूक. पण आपल्याला नुसतं कोण चूक ते नको आहे, ते नेमकं कुठे घसरलं तेही हवं आहे.

त्यासाठी ठाणे स्टेशनवर जाऊ. कल्याणच्या दिशेला तोंड करून एक स्लो आणि एक फास्ट शेजारच्या रुळांवर उभ्या आहेत असं समजा. दोन्ही एकाच क्षणी सुटल्या. t सेकंदांनी पहिलीने कापलेलं अंतर म्हणजे आपला अंश, दुसरीने कापलेलं अंतर म्हणजे आपला छेद. सुटण्याच्या क्षणी दोन्ही अंतरं शून्य. म्हणून "सुटताना अंतरांचं गुणोत्तर किती?" असं विचारलं की शून्य भागिले शून्य.

पण समजा घड्याळ सुरू केलं तेव्हा गाड्या चालतच होत्या, एक ताशी ४० किलोमीटरने आणि दुसरी २० ने. मग अगदी सुरुवातीच्या क्षणांत पहिलीने दुसरीच्या दुप्पट अंतर कापलं असणार. अंतरांचं गुणोत्तर वेगांच्या गुणोत्तराकडे गेलं. वेग म्हणजे अंतराचा डेरिव्हेटिव्ह. अख्खा नियम एवढाच आहे. अंतरं शून्य असतील तर वेग बघा.

आता दुसरी शक्यता. घड्याळ सुरू केलं तेव्हा गाड्या खरोखर उभ्या होत्या, वेगही शून्य. मग वेगांचं गुणोत्तरही शून्य भागिले शून्य, आणि त्यातून काही कळत नाही. अशा वेळी आणखी एक पायरी खाली उतरायचं आणि कोणती गाडी किती जोरात वेग घेतेय ते, म्हणजे त्वरण, बघायचं. दुसऱ्यांदा डिफरन्शिएट करायची परवानगी मिळते ती इथे, आणि फक्त इथे.

आता मुलीच्या पानाकडे परत बघा. पहिल्यांदा डिफरन्शिएट केल्यावर x = 2 ला वर 12 − 8 + 1 = 5, खाली 4 − 5 = −1. म्हणजे गाड्या चालत होत्या. वेग माहीत होते, एक 5 आणि एक −1. गुणोत्तर −5, विषय संपला. त्यानंतर त्वरणांचं गुणोत्तर काढलं ते 4 आलं, आणि ते त्वरणांचं गुणोत्तर म्हणून बरोबरच आहे. फक्त ते आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. चालत्या गाड्यांनी पहिल्या क्षणात कापलेल्या अंतरांचा त्याच्याशी संबंध नाही.

याच्या शेजारी एक असं गणित ठेवू जिथे दोनदा करणं बरोबर आहे. x शून्याकडे जाताना (1 − cos x)/x². किंमत ठेवली तर 0/0. एकदा डिफरन्शिएट केलं, sin x/(2x). पुन्हा किंमत ठेवली, पुन्हा 0/0. गाड्या उभ्या होत्या. म्हणून पुन्हा करायची परवानगी आहे. (cos x)/2, आणि उत्तर 1/2. तेव्हा "एकदा की दोनदा" हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक वेळी करण्याआधी किंमत ठेवून बघायची आणि रूप अजून अनिर्धार्य आहे का ते वहीत लिहायचं. लिहायचं म्हणजे खरंच लिहायचं. मुलीच्या पानावर ती एक ओळ असती तर हात तिथेच थांबला असता.

कॅल्क्युलेटरने ताळा घेताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे कोन रेडियनमध्ये हवा. x = 0.01 ठेवून वरचं गणित रेडियनमध्ये केलं तर 0.499996 च्या आसपास येतं. डिग्री मोडमध्ये तेच 0.00015 येतं, आणि माणूस बरोबर उत्तरावर शंका घेत बसतो. दुसरं म्हणजे x फार छोटा घेऊ नका. x = 0.00000001 घेतला तर cos x हा 1 च्या इतका जवळ जातो की कॅल्क्युलेटर तो 1 च धरतो, वजाबाकी शून्य होते आणि उत्तर 0 दिसतं. 0.1, मग 0.01, मग 0.001, एवढं बघितलं की कल कळतो.

आता या नियमाच्या नावाबद्दल थोडं. क्लासमध्ये याला सर्रास "एल हॉस्पिटल" म्हणतात. मूळ नाव लोपिताल, फ्रान्समधला एक उमराव. जुन्या स्पेलिंगमध्ये s होता, त्यामुळे आपल्याकडे हॉस्पिटल झालं. त्याचं पुस्तक १६९६ साली आलं. पण नियम शोधला होता योहान बर्नुलीने. १६९४ साली लोपितालने त्याला पत्र लिहून वर्षाला ३०० लिव्र देऊ केले होते, शोध आपल्याला कळवायचे आणि इतरांना सांगायचे नाहीत या बोलीवर. पुस्तकातलं पहिलं उदाहरण मुळांनी भरलेलं, दिसायला भयंकर आहे. पण त्यात एकदाच डिफरन्शिएट केलं की अंश आणि छेद दोन्ही शून्याबाहेर येतात आणि उत्तर मिळतं, a च्या सोळा-नवमांशपट. त्या काळी नियम कधी चालतो याच्या अटी कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. अटींचा काटेकोर हिशोब एकोणिसाव्या शतकात झाला.

त्या अटी गाड्यांच्या भाषेत सांगतो. नियमाच्या सिद्धतेमागे कोशीचं मध्यममूल्य प्रमेय आहे. ते म्हणतं की दोन गाड्यांनी ठरावीक वेळात कापलेल्या अंतरांचं जे गुणोत्तर असेल, तेच गुणोत्तर मधल्या कुठल्या तरी एका क्षणी त्यांच्या वेगांचंही असतं. वेळ जितका कमी, तितका तो मधला क्षण सुरुवातीच्या जवळ. म्हणून वेगांचं गुणोत्तर एका संख्येकडे जात असेल तर अंतरांचं गुणोत्तरही त्याच संख्येकडे जाणार. पण या वाक्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, वेगांचं गुणोत्तर खरोखर कुठल्या तरी संख्येकडे, किंवा अनंताकडे, जातं. दुसरी, छेदातली गाडी मध्ये थांबत नाही, म्हणजे त्या जागेच्या आसपास छेदाचा डेरिव्हेटिव्ह शून्य होत नाही. नाही तर वेगांचा भागाकारच करता येत नाही. या दोन्ही गोष्टी मोडल्या की काय होतं ते एकेक करून बघू.

पहिली मोडली तर. x अनंताकडे जाताना हे घ्या:

(3x + sin x) / (2x + cos x)

वर अनंत, खाली अनंत. हेही अनिर्धार्य रूप आहे आणि नियम यालाही लागतो. छेदाचा डेरिव्हेटिव्ह 2 − sin x, तो कधीच 1 च्या खाली जात नाही, म्हणजे शून्याची भीती नाही. डिफरन्शिएट केलं तर (3 + cos x)/(2 − sin x) मिळतं. आता याला लिमिट आहे का? x = 2π, 4π, 6π अशा जागांवर ते 4/2, म्हणजे 2. x = π, 3π, 5π वर 2/2, म्हणजे 1. हे कायम असंच हेलकावे खात राहणार. लिमिट नाही.

इथे बरेच जण लिहितात, "म्हणून मूळ लिमिट अस्तित्वात नाही." ही मोठी गफलत आहे. नियम एकाच दिशेने बोलतो. डेरिव्हेटिव्हच्या गुणोत्तराला लिमिट असेल तर मूळ गुणोत्तरालाही तेच असतं. नसेल तर नियम गप्प बसतो. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मूळ गणितात वर-खाली x ने भागा. (3 + sin x/x)/(2 + cos x/x). sin x आणि cos x हे −1 ते 1 मध्येच फिरतात, त्यांना प्रचंड x ने भागलं की शून्य. उत्तर 3/2. x = 1000 ठेवून बघितलं तर 1.49999 येतं.

गाड्यांमध्ये हे रोजचंच आहे. स्लो गाडी कळव्याला थांबते, मुंब्य्राला थांबते, तिचा क्षणाक्षणाचा वेग सतत खालीवर होतो. पण लांबच्या प्रवासात सरासरी ठरून जाते. वेग स्थिर नाही म्हणून एकूण अंतराबद्दल काही सांगता येत नाही, असं कोणी म्हणत नाही.

आता दुसरी अट मोडली तर. हे जास्त धोक्याचं आहे, कारण इथे नियम गप्प बसल्यासारखा दिसत नाही, तो ठामपणे चुकीचं उत्तर दिल्यासारखा दिसतो. हे उदाहरण ऑटो श्टोल्त्स नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १८७९ साली दिलं. x अनंताकडे जातोय.

अंश f = x + sin x cos x
छेद g = (x + sin x cos x) · e^(sin x)

दोन्ही अनंताकडे जातात. sin x cos x कधीच अर्ध्याच्या पुढे जात नाही, म्हणून f चा x अनंताकडे ओढून नेतो. e^(sin x) हा 1/e ते e मध्येच राहतो, म्हणून g सुद्धा अनंताकडे जातो. रूप बरोबर आहे. आता डिफरन्शिएट करू.

f′ = 2cos²x
g′ = e^(sin x) · cos x · (2cos x + x + sin x cos x)

f′ कसा आला? sin x cos x चा डेरिव्हेटिव्ह cos²x − sin²x. त्यात x चा 1 मिळवला की 2cos²x होतं. g′ साठी गुणाकाराचा नियम लावा आणि e^(sin x) cos x बाहेर काढा, दोन्ही पदांत ते आहे.

आता भागाकार. वर cos²x, खाली cos x. हात आपोआप एक cos x काटतो:

f′/g′ = 2cos x / [e^(sin x) · (2cos x + x + sin x cos x)]

वर −2 ते 2 मधली संख्या, खाली x बरोबर वाढत जाणारी. उत्तर 0. स्वच्छ, सुंदर, आणि दिसायला निर्विवाद.

पण मूळ गुणोत्तर बघा ना! f/g मध्ये कंस तर तोच आहे, वर आणि खाली. तो काटला की 1/e^(sin x) उरतो. sin x जिथे 1 तिथे हे साधारण 0.37, sin x जिथे −1 तिथे साधारण 2.72. x कितीही मोठा घ्या, हे 0.37 आणि 2.72 मध्ये झुलत राहणार. लिमिट नाही. आणि 0 च्या तर ते जवळही जात नाही.

घसरलं कुठे? cos x काटला तिथे. cos x शून्य होतो अशा जागा अनंत आहेत, π/2, 3π/2, 5π/2, आणि पुढे कायम. त्या प्रत्येक जागी g′ शून्य आहे. x कितीही पुढे नेला तरी त्यापलीकडे g′ शून्य असलेली जागा सापडतेच. म्हणजे छेदातली गाडी पुन्हा पुन्हा थांबते. इतकंच नाही, cos x चं चिन्ह बदलतं, म्हणून ती थांबून उलटीही जाते. "छेदाचा डेरिव्हेटिव्ह पुढे कुठेच शून्य नाही" ही अट पहिल्यापासूनच पाळली गेलेली नव्हती. आपण cos x काटला तेव्हा अट मोडल्याचा पुरावा पुसला गेला, अट मोडलेलीच राहिली.

यातून ताळ्याची एक सवय घ्यायची. डिफरन्शिएट केल्यावर, काहीही काटण्याआधी, नुसत्या छेदाकडे बघा आणि विचारा की आपण जिथे जातोय त्याच्या आसपास हा शून्य होतो का? त्या जागेवरच शून्य असेल तर हरकत नाही, (1 − cos x)/x² मध्ये 2x शून्याला शून्य होताच. पण त्या जागेला खेटून, कितीही जवळ गेलं तरी आणखी शून्य सापडत असतील, तर नियम बाजूला ठेवा. बहुपदीच्या छेदात ही भानगड होत नाही, कारण बहुपदीच्या डेरिव्हेटिव्हला मोजकीच शून्यं असतात. sin, cos अनंताकडे जाताना किंवा sin(1/x) शून्याजवळ, असं काही छेदात दिसलं की मात्र थांबून बघा.

शेवटी एक गोष्ट, श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारणारच म्हणून. sin x/x चं लिमिट या नियमाने काढलेलं चालतं का? डिफरन्शिएट केलं, cos x/1, उत्तर 1. उत्तर बरोबर आहे, अटीही सगळ्या पाळल्या जातात. तरीही ती सिद्धता होत नाही. sin x चा डेरिव्हेटिव्ह cos x आहे हे आपल्याला कसं कळलं? व्याख्येने तो काढताना sin h/h चं लिमिट 1 आहे हेच वापरावं लागतं. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आपण खिशात घेऊन आलो होतो. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात लिमिटचं प्रकरण आधी आणि डिफरन्शिएशनचं नंतर आहे. त्यामुळे लिमिटच्या प्रकरणात अवयव, परिमेयीकरण आणि भूमितीने सिद्ध केलेलं sin x/x हेच वापरायचं असतं. उत्तरपत्रिकेत पायऱ्या दाखवायच्या असतील तर पुस्तकातली पद्धत लिहा आणि या नियमाने बाजूला कच्च्यात ताळा घ्या. सीईटीसारख्या नुसतं उत्तर निवडायच्या परीक्षेत सरळ नियम वापरा, तिथे तुम्ही सिद्धता देत नसता.

तर नौपाड्याच्या त्या मुलीला उत्तर. तुझं −5 बरोबर. दुसऱ्या पद्धतीतली तुझी पहिली ओळही बरोबर आणि तीच शेवटची ओळ होती. पुढच्या वेळी डिफरन्शिएट करण्याआधी दर वेळी 0/0 किंवा ∞/∞ असं वहीत लिही. ते लिहिता येत नसेल, म्हणजे वर 5 आणि खाली −1 असं काही आलं असेल, तर भाग दे आणि पेन खाली ठेव.

पुढच्या भागासाठी एक गणित देतो, अटींसकट तपासून कळवा. x शून्याकडे जाताना x² sin(1/x) भागिले sin x. नियम लावून बघा, तो काय बोलतो ते लिहा, आणि मग नियमाशिवाय सोडवा.